आधी नियम सांगा, मग शिक्षा करा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तेव्हापासून आपल्याकडची कामगार कायद्यांवरची चर्चा एकाच आकड्याभोवती फिरते आहे. तो आकडा म्हणजे तीनशे. तीनशेपेक्षा कमी कामगार असतील तर कामगार कपातीला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागणार नाही, आणि तीनशेपेक्षा कमी कामगार असतील तर स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीचे लेखी नियम, हेही सक्तीचे नाहीत. द्वारसभेत या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात. उद्योजकांच्या बाजूने उत्तरही एका दमातच येते, की लहान कारखानदाराला मोकळा श्वास मिळाला. माझ्या मते हा वाद दोन्हीकडून चुकीचा लढवला जातो आहे. कामगाराला काढण्याआधी सरकारला विचारावे का, हा एक प्रश्न आहे. कोणत्या वागणुकीबद्दल काढणार हे त्या कामगाराला आधी सांगितलेले असावे का, हा सर्वस्वी दुसरा. पहिल्यावर मतभेद असू शकतात, अर्थशास्त्रज्ञांतही आहेत. पण दुसऱ्याचा कारखान्याच्या आकाराशी संबंध काय? चाळीस जणांच्या वर्कशॉपमधल्या फिटरला गुन्ह्यांची यादी कळण्याची गरज चारशे जणांच्या कारखान्यातल्या फिटरपेक्षा कमी असते का? माझे म्हणणे सरळ आहे: स्टँडिंग ऑर्डर्स, निदान सरकारी नमुन्याच्या स्वरूपात, प्रत्येक कारखान्याला लागू असल्या पाहिजेत आणि त्या कामगारापर्यंत पोहोचल्याचा पुरावा मालकाकडे असला पाहिजे.

वाद भरकटण्याचे एक कारण असे, की स्टँडिंग ऑर्डर म्हणजे नेमके काय याचा अंदाज दोन्ही बाजूंच्या बऱ्याच वक्त्यांना नसतो. कामगारांत तिची ओळख चार्जशीटमुळे झालेली असते. ‘प्रमाणित स्थायी आदेश क्रमांक अमुक, खंड तमुक अन्वये आपण गैरवर्तन केले आहे’ हे वाक्य हातात पडेपर्यंत असे काही पुस्तक आहे हेच अनेकांना माहीत नसते. त्यामुळे स्टँडिंग ऑर्डर म्हणजे मालकाची काठी, असा समज पक्का होतो. आता ज्या कायद्याची जागा या संहितेने घेतली, त्या १९४६ च्या स्टँडिंग ऑर्डर्स कायद्याची अनुसूची उघडून पाहा. तिच्यात अकरा विषय आहेत आणि गैरवर्तन व शिक्षा हा त्यातला फक्त नववा. पहिला विषय कामगारांच्या वर्गवारीचा: कायम, तात्पुरता, प्रोबेशनवरचा, बदली, शिकाऊ. दुसरा विषय कामाचे तास, सुट्ट्या, पगाराचा दिवस आणि वेतनाचे दर कामगारांना कसे कळवायचे याचा. मग पाळ्या, हजेरी आणि उशीर, रजा कशी मागायची आणि ती देण्याचा अधिकार कोणाचा, कोणत्या फाटकाने आत यायचे आणि झडती कशी घ्यायची, खाते तात्पुरते बंद ठेवावे लागले तर काय करायचे, नोकरी संपवताना कोणी कोणाला किती दिवसांची नोटीस द्यायची. आणि गैरवर्तनानंतर लगेच येणारा दहावा विषय असा, की मालकाने किंवा त्याच्या माणसांनी अन्याय केला तर कामगाराने दाद कुठे मागायची. शेवटचा विषय सरकार ठरवील त्या इतर बाबींचा. म्हणजे मालकावर बंधन घालणारा मजकूर या पुस्तकात भरपूर आहे. चार्जशीटवर त्यातले एकच पान येते.

पहिल्याच विषयाचे उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रापुरते ते सर्वांत मोलाचे आहे. मुंबई नियमांतल्या नमुना स्टँडिंग ऑर्डर्समध्ये ४-सी नावाचा खंड आहे. बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने मागच्या बारा महिन्यांत एकूण २४० दिवस अखंड सेवा केली असेल, हंगामी कारखान्यात १९० दिवस, तर त्याला कायम करायचे, असे तो सांगतो. त्याला कायम होऊ न देण्यासाठी मधेच मस्टरवरून नाव कमी केले असेल तर ती सेवा तुटली असे मानायचे नाही, हेही त्यातच आहे. आपल्या औद्योगिक वसाहतींत सात महिने झाले की ‘ब्रेक’ देण्याची जी पद्धत आहे, तिचा उगम या २४० च्या आकड्याच्या भीतीत आहे. मूळ कायद्याला शंभर कामगारांची अट होती, महाराष्ट्राने ती पन्नासवर आणली होती. त्यामुळे भोसरी, सातपूर किंवा गोकुळ शिरगावच्या साठ-सत्तर जणांच्या कारखान्यातला कामगारही कोर्टात ४-सी दाखवू शकत होता. पन्नासचा आकडा तीनशेवर नेला की फक्त काठी जात नाही, हे पानही जाते. द्वारसभेत याबद्दल मी फारसे ऐकलेले नाही.

आता दुसऱ्या बाजूचे जे खरे मुद्दे आहेत ते मान्य करून पुढे जाऊ. पहिला मुद्दा कागदपत्रांचा. मसुदा करायचा, त्याच्या पाच प्रती प्रमाणन अधिकाऱ्याकडे द्यायच्या, संघटनेला किंवा कामगार प्रतिनिधींना नोटीस जायची, त्यांनी पंधरा दिवसांत हरकती घ्यायच्या, सुनावणी व्हायची, मग प्रमाणपत्र, त्यावर तीस दिवसांत अपील. कागदावर हे सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात वर्षे जातात. साठ माणसांच्या कारखान्याचा मालक सकाळी बँकेत, दुपारी गिऱ्हाईकाकडे आणि रात्री बिघडलेल्या मशीनपाशी असतो. त्याला ही फेरी जड जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या अडचणीवर जुन्या कायद्याने १९६३ पासूनच उपाय दिलेला होता. कायदा लागू झाल्या दिवसापासून स्वतःच्या स्टँडिंग ऑर्डर्स प्रमाणित होऊन अमलात येईपर्यंत सरकारचा नमुना आपोआप लागू, असे त्याचे कलम १२-अ सांगत असे. म्हणजे ज्या मालकाला स्वतःचे वेगळे काही लिहायचे नाही, त्याच्या माथी एकच काम उरत असे: नमुना छापून फलकावर लावणे. नव्या संहितेतही केंद्राचा नमुना जसाच्या तसा स्वीकारला तर तो प्रमाणित झाला असे मानण्याची सोय आहे. इतकी सोपी वाट तयार असताना लहान कारखान्यांना त्या वाटेवर आणायचे, की वाटेतूनच बाहेर काढायचे? कागदांचा भार हे कारण असेल तर नमुना सर्वांना लागू करून सुनावणीची सक्ती फक्त मोठ्यांना ठेवता आली असती. तसे केले असते तर लहान मालकाचा त्रास वाचला असता आणि कामगाराचे पानही.

दुसरा मुद्दा नेमणूक पत्राचा. नव्या कायद्यांनी प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणे बंधनकारक केले. ही मोठी सुधारणा आहे आणि तिला नाके मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. पत्राविना पंधरा-पंधरा वर्षे राबलेली माणसे मी पाहिली आहेत. पण नेमणूक पत्र स्टँडिंग ऑर्डरची जागा घेईल, असे म्हणणे म्हणजे दोन्हींचा स्वभाव न ओळखणे. नेमणूक पत्र एकट्या कामगाराच्या हातात, नोकरीच्या पहिल्या दिवशी, ‘इथे सही कर’ म्हणून दिले जाते. त्याने एखाद्या अटीला हरकत घेतली तर दुसरा उमेदवार फाटकाबाहेर उभाच असतो. स्टँडिंग ऑर्डर मात्र सर्वांना सारखी असते, आधी नोकरीत असलेल्यांना आणि नंतर लागलेल्यांनाही. तिच्यावर संघटनेला बोलता येते आणि ती वाजवी आहे का हे मालक सोडून तिसरा कोणी तपासतो. हा तिसरा माणूसही सहजासहजी मिळालेला नाही. १९४६ चा मूळ कायदा झाला तेव्हा नियम वाजवी आहेत की नाहीत हे पाहण्याचा अधिकार प्रमाणन अधिकाऱ्याला नव्हताच. मसुद्यात सगळे विषय आले आहेत ना आणि तो नमुन्याशी शक्य तितका जुळतो ना, एवढेच त्याने पाहायचे. वाजवीपणा तपासण्याचा अधिकार १९५६ च्या दुरुस्तीने आला. नेमणूक पत्रातल्या अटींची नोकरीआधी अशी तपासणी कोण करणार?

तिसरा मुद्दा डाव्या बाजूने येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. स्टँडिंग ऑर्डर्स हे मुळात मालकांचेच हत्यार होते, मग त्यांच्यासाठी रडायचे कशाला, असे काही जुने कार्यकर्ते विचारतात. इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो, निदान अर्धी. मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सार्वत्रिक संप झाला. त्या झगड्यात गिरणी मालक संघाने तयार केलेल्या स्टँडिंग ऑर्डर्स हाही वादाचा एक विषय होता आणि त्या रास्त आहेत का हे तपासण्याचे काम पुढे फॉसेट समितीकडे सोपवले गेले. सर्व गिरण्यांसाठी शिस्तीचे एकच पुस्तक मालकांनाच हवे होते, हे खरे. पण त्याआधी काय होते? प्रत्येक गिरणीत वेगळा कायदा आणि तो जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, तोंडी. खराब निघालेले कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापायची. एका दिवसाच्या खाड्याबद्दल दोन दिवसांचा पगार बुडवायचा, त्याला ‘डबल खाडा’ म्हणत. आज जॉबर खूश असेल तर खाडा माफ, उद्या नसेल तर डबल. कशाला किती शिक्षा हे कामगाराला आधी माहीत नसे, आणि जॉबरला ते माहीत होऊ द्यायचे नसे, कारण त्याची सत्ता त्या अंधारावरच चाले. मालकांनी नियम छापले तेव्हा पहिल्यांदाच कामगारांच्या पुढाऱ्यांना बोट ठेवून म्हणता आले, की हा नियम चुकीचा आहे. तोंडी नियमावर बोट कुठे ठेवणार?

या बाबतीत मुंबई प्रांत देशाच्या पुढे होता. १९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने स्टँडिंग ऑर्डर्स सरकारकडून मंजूर करून घेण्याची सक्ती केली. त्याच कायद्याने संपावर जाचक बंधने घातली म्हणून डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. पुढे आठच वर्षांत, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४६ चा स्टँडिंग ऑर्डर्सचा अखिल भारतीय कायदा झाला. मला यात विसंगती दिसत नाही. संपाचा हक्क काढून घेणाऱ्या कायद्याला विरोध करणे आणि मालकाला आपले नियम उघड लिहायला लावणे, ही दोन्ही कामे एकाच बाजूची आहेत. आजच्या वादात ‘तीनशे’ या एका शब्दाखाली सगळे एकत्र बांधणाऱ्यांनी हा भेद पाहावा.

नियम लिहिलेला असण्याचा फायदा कोर्टात कसा दिसतो, हे दोन निकालांवरून नीट कळते. पहिला ग्लॅक्सो लॅबोरेटरीजचा. उत्तर प्रदेशातल्या या कारखान्यात संपाच्या काळात कामावर जाणाऱ्यांना घेऊन येणाऱ्या बसमध्ये, कारखान्यापासून दूर, मारहाण व धाकदपटशा झाल्याचा आरोप काही कामगारांवर होता. कंपनीच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये असे कृत्य ‘आस्थापनेच्या आवारात किंवा त्याच्या लगत’ केले तर गैरवर्तन, असे शब्द होते. कंपनीचे म्हणणे असे, की जागा कुठलीही असो, परिणाम कारखान्याच्या शिस्तीवर झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या निकालात हे मानले नाही. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांच्या निकालाचा आशय असा: स्टँडिंग ऑर्डरमधले गैरवर्तनाचे खंड दंडविधानासारखे आहेत, त्यांचा अर्थ काटेकोर लावायचा, आणि यादीत नसलेली गोष्ट घडून गेल्यावर ‘हेही गैरवर्तनच’ असे ठरवण्याची मुभा व्यवस्थापनाला नाही. मारहाण झाली असेल तर पोलीस आहेत, फौजदारी कायदा आहे. पण नोकरीची शिक्षा द्यायची तर ती आधी लिहिलेल्या शब्दांतूनच द्यावी लागेल.

हा निकाल ज्या पायावर उभा आहे तो पाया म्हणजे यादी. यादीच नसेल तर काय होते? तेही सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली अग्नानी विरुद्ध बद्री दास या प्रकरणात सांगितलेले आहे: स्टँडिंग ऑर्डर्स नसतील तिथे कोणते वर्तन गैरवर्तन ठरते हे वाजवीपणे आणि व्यवहारज्ञानाने पाहायचे. कोणाचे व्यवहारज्ञान? आधी मालकाचे, कारण काढून टाकणारा तो. मग पाच-सात वर्षांनी न्यायाधीशाचे. कामगाराचे कुठेच नाही, कारण त्याला आधी काही सांगितलेलेच नव्हते. तीनशेखालच्या कारखान्यातल्या कामगाराला आपण १९८३ च्या निकालाच्या छत्राखालून काढून १९६३ च्या उघड्यावर उभे करतो आहोत. उद्योग सुलभतेच्या भाषणांत या बदलाचा उल्लेख मी कुठे वाचला नाही.

दुसरा निकाल डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज, १९९३ चा. इथे लिहिलेला नियमच जाचक होता. परवानगीशिवाय आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिले तर कामगाराने नोकरी सोडली असे आपोआप मानायचे, असे त्या कारखान्याच्या प्रमाणित स्टँडिंग ऑर्डरमध्ये होते. ३ डिसेंबर १९८० पासून यादव गैरहजर आहे, असे कंपनीने म्हटले आणि चौकशी न करता त्याचे नाव काढले. यादवचे म्हणणे असे, की मी रोज फाटकाशी येत होतो, मलाच आत घेत नव्हते. कामगार न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली, कारण नियम तसाच लिहिलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नियम काहीही म्हणो, माणसाची बाजू ऐकून न घेता त्याची उपजीविका काढून घेता येणार नाही. यादवला निम्म्या मागील पगारासह पुन्हा कामावर घ्यायला लावले. यावरून कोणी म्हणेल, की बघा, स्टँडिंग ऑर्डरनेच गळा कापला. मी उलट म्हणतो. तो नियम कागदावर होता म्हणून सर्वोच्च न्यायालयासमोर ठेवता आला आणि देशभरातल्या तशाच नियमांना त्या निकालाने लगाम घातला. हीच गोष्ट सुपरवायझरच्या तोंडी असती तर बारा वर्षे ‘असा नियमच नाही, तो स्वतःच आला नाही’ यावरच वाद घालत बसावे लागले असते.

आता फलकाकडे येऊ. १९४६ च्या कायद्याचे कलम ९ माझ्या दृष्टीने त्या कायद्याचा प्राण होते. प्रमाणित स्टँडिंग ऑर्डर्स इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, खास त्यासाठी ठेवलेल्या फलकावर, बहुतेक कामगार ज्या फाटकाने येतात त्याच्यापाशी आणि प्रत्येक खात्यात ठळकपणे लावायच्या, असे ते सांगत असे. जागा, भाषा, फलक, सगळे कायद्यातच. नव्या संहितेत याऐवजी असे आहे, की स्टँडिंग ऑर्डर्स विहित केल्या जातील त्या भाषेत आणि त्या रीतीने कामगारांच्या माहितीसाठी ठेवाव्यात. फाटक गेले, खाते गेले, फलक गेला. ‘लावाव्यात’ होते तिथे ‘ठेवाव्यात’ आले. नियमांत पुढे काहीही चांगले लिहिता येईल हे खरे, पण जे संसदेने बांधून दिले होते ते आता अधिसूचनेने बदलता येणार.

कोणी म्हणेल, तो फलक तसाही कोण वाचत होता? हा मुद्दाही खरा आहे, मी तो टाळणार नाही. डोमेस्टिक एन्क्वायरीत, म्हणजे कारखान्याच्या अंतर्गत चौकशीत, कामगाराचा बचाव प्रतिनिधी म्हणून बसताना मी फलक पाहायची मागणी करत आलो आहे. एका कारखान्यात तो टाइम ऑफिसच्या मागच्या भिंतीवर, काचेच्या कपाटात होता. पुढे सेफ्टी शूजची खोकी रचलेली, कपाटाला कुलूप. आतला कागद टाइपरायटरवरचा, बारीक इंग्रजी अक्षरांत, उन्हाने पिवळा पडून खालच्या ओळी पुसट झालेल्या. मराठी प्रत ‘फाइलला आहे’ असे उत्तर मिळाले. एन्क्वायरीत मात्र व्यवस्थापनाच्या साक्षीदाराने शांतपणे सांगितले, की स्थायी आदेश फलकावर लावलेले आहेत, सबब कामगाराला त्यांची माहिती आहे. यात दोष फलकाच्या कल्पनेचा नाही. कलम मोडण्याची किंमत जुन्या कायद्यात जास्तीत जास्त शंभर रुपये दंड होती, आणि खोकी हलवण्याचा त्रास त्याहून मोठा होता. नव्या संहितेने दंडाची कमाल मर्यादा लाखांत नेली, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवे. मात्र तो दंड ज्यांना स्टँडिंग ऑर्डर्स लागू आहेत त्यांनाच.

फलक का महत्त्वाचा, हे आजच्या एका रोजच्या तंट्यावर घासून पाहू. समजा एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटरच्या हातात मोबाइल सापडला आणि त्याला चार्जशीट मिळाली. नमुना यादीत मोबाइल नाही, ती यादी मोबाइलच्या आधीची. मग व्यवस्थापन दोनपैकी एक खंड लावते: वरिष्ठांच्या कायदेशीर व वाजवी आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा, किंवा शिस्तीला बाधा आणणारे कृत्य. पहिला खंड लावला तर चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: आदेश होता, तो वाजवी होता, तो या कामगारापर्यंत पोहोचला होता आणि त्याने तो जाणूनबुजून मोडला. पॉवर प्रेसपाशी मोबाइल नको हा आदेश वाजवी आहे यात शंका नाही, तिथे बोटे जातात. पण सर्क्युलर इंग्रजीत निघाले, टाइम ऑफिसला लागले आणि ऑपरेटर ओडिशातून तीन आठवड्यांपूर्वी आलेला असेल, तर ‘पोहोचला’ आणि ‘जाणूनबुजून’ हे दोन्ही पाय लटपटतात. म्हणून व्यवस्थापनाला दुसरा खंड आवडतो. ‘शिस्तीला बाधा’ यात काहीही बसते. चार्जशीट वाचताना कामगाराने पहिल्यांदा हेच पाहावे: नुसता हा सैल खंड लावला आहे, की नेमका खंड आणि नेमकी घटना, तारीख, वेळ, जागा दिली आहे? नुसता सैल खंड असेल तर बहुधा नेमका गुन्हा सापडलेला नसतो.

सगळे गुन्हे आधी लिहून काढता येत नाहीत, कुठे तरी एक मोकळा खंड ठेवावाच लागतो, असे मालकांचे म्हणणे असते. मान्य. मोबाइलचे उदाहरणच त्याला पुरावा आहे. पण यादी जुनी झाली तर ती नवी करावी. प्रमाणनानंतर सहा महिन्यांनी दुरुस्ती मागता येते, मालकाला आणि कामगारांनाही. मोबाइल, चित्रीकरण, सुरक्षा साधने काढून ठेवणे हे सगळे ज्या त्या जागेसह नेमके लिहिता येते: ‘पॉवर प्रेस, क्रेन व वेल्डिंग बे येथे काम चालू असताना मोबाइल वापरणे.’ किती वेळा, कोणती शिक्षा, हेही. यादीतले जुने खंड इतके नेमके आहेतच की: महाराष्ट्राच्या नमुन्यात महिन्यात किमान चारदा उशीर, लागोपाठ दहा दिवसांहून जास्त विनापरवाना गैरहजेरी. चार म्हणजे चार. तिसऱ्या उशिराला चार्जशीट आली तर कामगार ती वाचूनच बाद ठरवू शकतो. नेमकेपणा मालकालाही उपयोगी पडतो, कारण त्याची चौकशी टिकते.

इथे संघटनांकडेही बोट दाखवले पाहिजे. दुरुस्तीचा हक्क कामगारांना इतकी वर्षे होता. वेतन करारासाठी महिनोन्‌महिने बसणाऱ्या किती संघटनांनी स्टँडिंग ऑर्डर्सची प्रत मागून वाचली, हरकती घेतल्या? भाषेचा प्रश्न तर संघटनांनीच उचलायला हवा होता. चाकण किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांत मराठी प्रत हवीच, त्याबद्दल तडजोड नको. पण अर्धी पाळी बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेली असेल तर हिंदी प्रतही हवी, हे म्हणताना कोणाचा मान कमी होत नाही. ज्याला नियम कळला नाही त्याच्यामुळे शेजारच्या मशीनवरच्या मराठी माणसाचाही अपघात होतो.

तीनशेखालच्या कारखान्यांसाठी संसदेने आकडा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. राज्याने किंवा केंद्राने लहान कारखान्यांसाठी नमुना सक्तीचा करावा ही मागणी लावून धरावीच. पण जिथे संघटना आहे तिथे पुढच्या वेतन करारातच एक कलम घालता येते: आतापर्यंत लागू असलेल्या स्टँडिंग ऑर्डर्स, ४-सी खंडासह, कराराचा भाग म्हणून पुढे चालू राहतील, त्यांची मराठी व हिंदी प्रत प्रत्येक खात्यात लावली जाईल आणि प्रत्येक नव्या कामगाराला नेमणूक पत्रासोबत गैरवर्तनाचे पान त्याला कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवून त्याची सही घेतली जाईल. असा करार मालकावर कायद्याने बंधनकारक असतो. पगारवाढीच्या आकड्यावर घासाघीस चालू असताना बिनपैशाचे हे कलम मंजूर करून घेणे अवघड नाही. मालकाचा एचआर अडून बसला, तर ही सही उद्या चौकशीत त्यालाच हवी असते, हे त्याला दाखवून द्यावे.